रुग्ण मोजकेच असताना: दुर्मीळ मेंदूविकाराच्या चाचणीसाठी नमुना आकार आणि पॉवर कशी काढावी

दुर्मीळ मेंदूविकारांवरच्या अभ्यासांचे आराखडे वाचताना एक गफलत पुन्हा पुन्हा दिसते. संशोधकाला आधीच माहीत असतं की फार तर साठ रुग्ण मिळतील. मग उपचाराचा परिणाम किती धरायचा हा आकडा तो हळूहळू वाढवत नेतो आणि सूत्रातून साठ हे उत्तर आलं की थांबतो. आराखड्यात मात्र लिहिलं जातं, ‘८० टक्के पॉवरसाठी ६० रुग्ण आवश्यक’. हे उलटं गणित आहे. त्याची किंमत ते साठ रुग्ण मोजतात, कारण दोन वर्षं दिल्यानंतरही त्यांच्या अभ्यासातून ठाम उत्तर निघण्याची शक्यता मुळातच कमी असते.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. आजार आहे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार ३, म्हणजे एससीए ३. हा आनुवंशिक आजार आहे आणि त्यात तोल, चाल आणि बोलणं हळूहळू बिघडत जातं. आजाराचा वेग कमी करू शकेल असं एक औषध आणि प्लासिबो अशा दोन गटांची चाचणी आखायची आहे. पॉवर म्हणजे औषधाचा आपण धरला तेवढा परिणाम खरोखर असेल, तर तो आपल्या अभ्यासात सांख्यिकीय दृष्ट्या पकडला जाण्याची शक्यता.

## टप्पा १: सूत्राआधी रुग्ण मोजा

नोंदवहीतल्या नावांची बेरीज म्हणजे उपलब्ध रुग्ण नव्हेत. नावं एकेका चाळणीतून खाली आणा आणि प्रत्येक चाळणीनंतरचा आकडा लिहून ठेवा. समजा नोंदवहीत १४० जण आहेत. जनुकीय तपासणीने निदान पक्कं झालेले ११८. आधाराने किंवा आधाराशिवाय चालू शकणारे, म्हणजे ज्यांच्यात पुढची घसरण मोजता येईल असे, ७८. दुसऱ्या औषधचाचणीत नसलेले आणि दोन वर्षं नियमित येण्याची तयारी असलेले ६०.

आता त्यातून गळती वजा करा. तोल गेलेल्या माणसाला प्रवास दरवर्षी जड होत जातो, त्यामुळे या आजारात १५ टक्के गळती धरणं अवाजवी नाही. साठातले ५१ उरतील, म्हणजे प्रत्येक गटात साधारण २५. पुढचं सगळं गणित या पंचविसावर चालेल.

तपासा: चाळणीचा प्रत्येक आकडा कुणाला तरी विचारून, नोंदी पाहून आला आहे का? ‘तयारी असलेले’ हा आकडा रुग्णांशी न बोलता लिहिला असेल, तर तो निव्वळ अंदाज आहे.

## टप्पा २: मुख्य मोजमाप एकच ठरवा आणि आजाराची नैसर्गिक गती शोधा

अटॅक्सियासाठी ‘सारा’ ही मोजपट्टी सर्रास वापरली जाते. तिच्यात आठ चाचण्या आणि एकूण ० ते ४० गुण असतात. गुण जितके जास्त, तितका आजार पुढे गेलेला. उपचाराविना हे गुण वर्षाला किती वाढतात, हा आपल्या गणितातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा आहे.

युरोपातल्या दीर्घकालीन पाहणीत एससीए १ मध्ये ही वाढ वर्षाला सुमारे २.१ गुण, एससीए २ मध्ये १.५, एससीए ३ मध्ये १.६ आणि एससीए ६ मध्ये फक्त ०.८ दिसली. आपल्यासाठी आकडा १.६.

सावधान: रुग्ण कमी पडतात म्हणून चारही प्रकार एका चाचणीत घेण्याचा मोह होतो. एससीए ६ चे रुग्ण घेतले की सरासरी गती खाली येते आणि माणसामाणसातला फरक वाढतो. डोकी वाढली तरी पॉवर घटू शकते. प्रकार एकत्र घ्यायचेच असतील, तर वाटप प्रकारनिहाय करा आणि गणितही प्रत्येक प्रकाराची गती वेगळी धरून करा.

## टप्पा ३: कोणता परिणाम शोधायचा ते ठरवा

हा आकडा सूत्रातून येत नाही. तो न्यूरॉलॉजिस्ट आणि रुग्ण यांच्याशी बोलून ठरतो. औषधाने आजाराची गती किमान कितीने कमी झाली, तर त्याचे दुष्परिणाम आणि त्रास सोसण्यासारखा ठरेल? आपल्या उदाहरणात उत्तर आहे निम्म्याने. वर्षाला १.६ ऐवजी ०.८ गुण, म्हणजे फरक ०.८.

आधीच्या छोट्या अभ्यासात दिसलेला फरक जसाच्या तसा उचलू नका. दहा-बारा जणांच्या अभ्यासात फरक योगायोगाने मोठा दिसला म्हणूनच तो बहुतेक वेळा छापला गेलेला असतो. त्यावर आखलेली पुढची चाचणी हमखास लहान पडते.

इथे एक साधी मर्यादा आहे आणि ती विसरली जाते. गती मंदावणाऱ्या औषधाने जास्तीत जास्त आजार जागीच थांबेल. म्हणजे फरकाची कमाल १.६. त्याहून मोठा आकडा आराखड्यात दिसला, तर आजार नुसता थांबणार नाही, उलट सुधारेल, असं गृहीत धरलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

## टप्पा ४: विखुरणीचे दोन भाग वेगळे काढा

विखुरणी म्हणजे गुणांमधला चढउतार, आणि तो स्टँडर्ड डेव्हिएशनने (पुढे एसडी) मोजतात. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

पहिली चूक चुकीचा एसडी उचलण्याची. शोधनिबंधाच्या पहिल्याच तक्त्यात रुग्णांच्या सुरुवातीच्या गुणांचा एसडी दिलेला असतो. समजा तो ६ आहे. तो माणसामाणसातला फरक आहे. कुणाला आजार तीन वर्षांपूर्वी सुरू झाला, कुणाला पंधरा. आपल्याला हवा आहे एकाच माणसाच्या गुणांत वर्षभरात होणाऱ्या *बदलाचा* एसडी, आणि तो बराच लहान असतो. सहा हा आकडा सूत्रात घातला तर प्रत्येक गटात ८८३ रुग्ण लागतील असं उत्तर येतं आणि अभ्यास उगाच अशक्य वाटतो.

बदलाच्या विखुरणीचे दोन भाग असतात. एक, प्रत्येकाचा आजार वेगळ्या गतीने पुढे जातो. दोन, मोजमाप हलतं. त्या दिवशीचा थकवा, झोप, तपासणाऱ्याचा हात यांमुळे त्याच माणसाचे गुण आठवड्यात एक-दोनने वरखाली होतात. उदाहरणापुरतं धरू या की गतीचा एसडी वर्षाला १.२ गुण आहे आणि एका मोजणीतली चूक सुमारे १.७ गुण. तुमच्या अभ्यासासाठी हे दोन्ही आकडे तुमच्याच आजाराच्या पाठपुराव्याच्या माहितीतून काढावे लागतील.

मग एका वर्षातल्या बदलाच्या एसडीच्या वर्गाचा हिशेब असा: गतीचा भाग १.४४, मोजणीचा भाग दोनदा (सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा) २.८८ + २.८८. एकूण ७.२, म्हणून एसडी सुमारे २.७. म्हणजे एका वर्षाच्या अभ्यासात विखुरणीचा चार-पंचमांश भाग नुसत्या मोजणीच्या हलण्यातून येतो. पुढचा सगळा मार्ग या एका निरीक्षणातून निघतो.

सावधान: हा एसडी बारा जणांच्या प्राथमिक अभ्यासातून आला असेल, तर त्यावर टेकू नका. बारा जणांवरून काढलेल्या एसडीची ८० टक्के खात्रीची वरची मर्यादा मूळ आकड्याच्या सव्वापट असते. एसडी सव्वापट झाला की लागणारे रुग्ण दीडपटीहून अधिक होतात. गणित मूळ आकड्यावर करा आणि या वरच्या आकड्यावरही करून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.

## टप्पा ५: पहिलं गणित, एका वर्षासाठी

दोन समान गटांसाठी, ५ टक्के दुहेरी सार्थकता पातळी आणि ८० टक्के पॉवर धरून सूत्र असं आहे:

```
n (प्रत्येक गटात) = 15.7 × SD² / फरक²
```

आपले आकडे घाला: १५.७ × ७.२ ÷ ०.६४, म्हणजे १७७. आर या सॉफ्टवेअरमध्ये पडताळा घ्या:

```r
power.t.test(delta = 0.8, sd = sqrt(7.2), power = 0.80)
```

उत्तर १७८ च्या घरात येतं. एकाचा फरक टी-वितरणामुळे पडतो, त्यामुळे हाताने काढलेल्या उत्तरात प्रत्येक गटामागे एक रुग्ण मिळवायचा. विश्लेषणात सुरुवातीचे गुण सहचल म्हणून घेतले, तर या उदाहरणात सुमारे १७२ वर भागतं. ते अवश्य करा, पण दीडशेहून जास्तची तूट त्याने भरत नाही. आपल्याकडे प्रत्येक गटात आहेत पंचवीस.

## टप्पा ६: गणित उलटं मांडा, पण उघडपणे

आता प्रश्न फिरवा. पंचवीसच रुग्ण आहेत, तर ८० टक्के पॉवरने किती मोठा फरक पकडता येईल?

```
फरक = √(15.7 × 7.2 / 25) = 2.13
```

वर्षाला २.१३ गुण, आणि आजार पुढे सरकतो वर्षाला १.६ ने. म्हणजे औषधाने आजार पूर्ण थांबवला, तरीही ही एक वर्षाची चाचणी ८० टक्के खात्रीने ते दाखवू शकत नाही. हा आराखडा इथेच बाद.

आणखी एक पडताळा घ्या, तो फारसा कुणी घेत नाही. निकाल सार्थक ठरण्यासाठी दिसणारा फरक किती असावा लागेल? फरकाची प्रमाण त्रुटी √(२ × ७.२ ÷ २५), म्हणजे ०.७६. त्याला टी-वितरणातल्या २.०१ या आकड्याने गुणा, १.५३ येतात. खरा परिणाम ०.८ असला तरी कागदावर १.५३ हून कमी दिसला तर निकाल ‘निरर्थक’ म्हणून बाजूला पडेल. योगायोगाने त्याहून जास्त दिसला तर छापून येईल की औषधाने आजार जवळजवळ थांबवला. कमी पॉवरचा अभ्यास खरा परिणाम हुकवतो. शिवाय जेव्हा तो काही ‘शोधतो’, तेव्हा ते फुगवूनच शोधतो. पुढचे रुग्ण आणि डॉक्टर त्या फुगलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतात, म्हणून मला ही दुसरी गोष्ट जास्त घातक वाटते.

## टप्पा ७: रुग्ण वाढत नसतील तर मोजमाप सुधारा

क्रम पाळा: आधी कालावधी, मग मोजणी, आणि त्यानंतरच बाकीचं.

कालावधी. दोन वर्षांत फरक दुप्पट होतो, १.६ गुण. विखुरणीतला गतीचा भाग चौपट होतो (५.७६), पण मोजणीचा भाग होता तेवढाच राहतो (५.७६). एकूण ११.५२. सूत्रात घातलं की १५.७ × ११.५२ ÷ २.५६, म्हणजे प्रत्येक गटात ७१. एकही रुग्ण न वाढवता गरज १७७ वरून ७१ वर आली. मात्र कालावधी वाढला की गळतीही वाढते. टप्पा १ मध्ये धरलेले १५ टक्के दोन वर्षांसाठीचे होते का, ते पुन्हा पाहा.

मोजणी. सर्वसाधारण कल असतो मधल्या व्हिजिटी वाढवण्याकडे. दर सहा महिन्यांनी मोजलं आणि पाचही मोजण्यांतून गती काढली, तर गरज ७१ वरून ६४ वर येते. त्याऐवजी फक्त सुरुवातीला आणि शेवटी, आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घेतली, तर मोजणीतल्या चुकीचा वर्ग निम्मा होतो आणि गरज ५३ वर येते. मोजण्या आधी पाच होत्या, आता चारच आहेत, तरी लाभ जास्त. रेषेचा उतार ठरतो तिच्या दोन टोकांवरून, म्हणून टोकं पक्की करा. मधल्या व्हिजिटी सुरक्षेसाठी लागतात आणि कुणी मध्येच सोडून गेलं तर त्यांच्या नोंदी कामी येतात, पण पॉवर त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

तपासा: दोन मोजण्या वेगवेगळ्या दिवशी, दिवसाच्या साधारण त्याच वेळी झाल्या पाहिजेत. एकाच सकाळी दोनदा मोजलं तर त्या दिवसाचा थकवा दोन्ही मोजण्यांत सारखाच येतो आणि चूक निम्मी होत नाही. तपासणारा बदलला तर त्याच्या हाताचा फरकही बदलात मिसळतो, म्हणून एका रुग्णासाठी शक्यतो एकच तपासणारा ठेवा.

गटांचं प्रमाण. रुग्णांना प्लासिबो नको असतो म्हणून औषध आणि प्लासिबो २:१ वाटपाचा आग्रह होतो. साठ रुग्णांत ४० आणि २० असे गट केले की फरकाच्या विखुरणीचा वर्ग साडेबारा टक्क्यांनी वाढतो. भरती त्यामुळे खरंच वेगाने होणार असेल तर हा सौदा ठीक आहे, पण तो गणितात दाखवा.

वेगाने घसरणारे रुग्ण निवडणं. सरासरी गती जास्त असलेला उपगट घेतला की शोधायचा फरकही मोठा होतो. पण मूळ साठ त्यामुळे चाळीसवर आले तर लाभ तिथेच संपू शकतो. दोन्ही आकडे सूत्रात घालून बघितल्याशिवाय हा मार्ग धरू नका.

## टप्पा ८: सूत्राची परीक्षा सिम्युलेशनने घ्या

सूत्राच्या पोटात बरीच गृहीतकं असतात. संगणकावर हजारो खोट्या चाचण्या चालवून पाहिलं की ती उघडी पडतात. दोन वर्षं आणि टोकांना दुहेरी मोजणी हा आपला सुधारित आराखडा असा दिसतो:

```r
pw <- function(n, cut) mean(replicate(5000, {
  g <- rep(0:1, each = n)
  slope <- rnorm(2*n, 1.6 * (1 - cut*g), 1.2)
  change <- 2*slope + rnorm(2*n, 0, 1.2) - rnorm(2*n, 0, 1.2)
  t.test(change ~ g)$p.value < 0.05
}))
pw(25, 0)
pw(25, 0.5)
```

`slope` च्या ओळीतला १.२ हा गतीचा एसडी आहे. `change` च्या ओळीतला १.२ म्हणजे दुहेरी मोजणीनंतर उरलेली चूक, १.७ भागिले वर्गमूळ दोन. दोन्ही आकडे सारखे आले हा योगायोग आहे, त्यांची सरमिसळ करू नका.

`pw(25, 0)` आधी चालवा. औषध निकामी असताना सार्थक निकालांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. ते १० टक्के आलं तर कोडमध्ये किंवा विश्लेषणाच्या पद्धतीत चूक आहे, आणि ती सापडेपर्यंत पुढचं कुठलंही उत्तर वापरू नका. मग `pw(25, 0.5)`. उत्तर ४७ टक्क्यांच्या जवळ येतं. एवढी सुधारणा करूनही पॉवर निम्म्याहून कमीच आहे.

याच कोडमध्ये तुमच्या भीतीचे प्रसंग घाला. औषधाचा परिणाम सहा महिन्यांनी सुरू झाला तर? मग दोन वर्षांतला फरक १.६ ऐवजी १.२ गुण राहील आणि ५३ ची गरज सुमारे ९४ होईल. एवढ्या साध्या विलंबाने नमुना जवळपास दुप्पट होतो, आणि आराखड्यात त्याचा उल्लेखही सहसा नसतो.

## टप्पा ९: गळती भागाकाराने धरा

५३ मध्ये टी-वितरणाचा एक मिळवून ५४. आता १५ टक्के गळतीसाठी ५४ ला १.१५ ने गुणायचं नाही, ०.८५ ने भागायचं. उत्तर प्रत्येक गटात ६४, एकूण १२८. गळती कमी असताना दोन्ही पद्धतींत एखाद-दुसऱ्याचाच फरक दिसतो. ३० टक्के गळतीत मात्र गुणाकाराने ७१ येतात, भागाकाराने ७८. ७१ जणांतून ३० टक्के गळाले की हाती पन्नासही उरत नाहीत.

## टप्पा १०: १२८ आणि ६० यांतलं अंतर लपवू नका

आता निर्णयाची वेळ. लागतात १२८, आहेत ६०. माझ्या मते पहिला पर्याय हाच की दुसऱ्या केंद्रांना सोबत घ्या आणि मोजणीचं प्रशिक्षण सगळ्यांना एकत्र द्या. केंद्रागणिक मोजणी वेगळी झाली, तर टप्पा ७ मध्ये कमावलेलं सगळं तिथे जातं.

ते शक्य नसेल तर साठांचा अभ्यास काय करू शकतो तेवढंच लिहा. टप्पा ६ चं सूत्र नव्या विखुरणीवर लावा. ८० टक्के पॉवरने वर्षाला १.१६ गुणांचा फरक, म्हणजे गतीत ७३ टक्के घट पकडता येईल. सुरुवातीच्या टप्प्याची चाचणी म्हणून सार्थकता पातळी ५ ऐवजी १० टक्के ठेवली, तर हा आकडा ६५ टक्क्यांवर येतो. सवलत देऊनही निम्मी घट आवाक्यात येत नाही. अशा वेळी अभ्यासाचा उद्देशच बदला. औषध चालतं की नाही हा निकाल लावण्याऐवजी परिणामाचा अंदाज आणि त्याची विश्वासमर्यादा हे मुख्य उत्तर ठेवा. आपल्या आराखड्यात ती मर्यादा वर्षाला साधारण ±०.८ गुणांची असेल.

आराखड्यातला परिच्छेद मग असा होतो: ‘६० रुग्ण उपलब्ध असून १५ टक्के गळतीनंतर प्रत्येक गटात २५ जणांची माहिती अपेक्षित आहे. नैसर्गिक गती वर्षाला १.६ गुण, गतीचा एसडी १.२ आणि एका मोजणीतली चूक १.७ गुण धरली आहे. दोन वर्षांत, टोकांना दुहेरी मोजणीसह, गतीतील ७३ टक्के घट ८० टक्के पॉवरने ओळखता येईल. ५० टक्के घटीसाठी पॉवर सुमारे ४७ टक्के आहे.’ शेवटचं वाक्य गाळण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ते ठेवा. मंजुरी देणाऱ्या समितीला आणि संमतीपत्रावर सही करणाऱ्या रुग्णाला ते वाचण्याचा हक्क आहे.

अभ्यास निम्म्यावर आला की दोन्ही गटांची माहिती न फोडता, एकत्रितपणे एसडी पुन्हा काढा आणि गणितात घाला. गट फोडलेले नसल्यामुळे त्यात औषधाच्या परिणामाचाही थोडा भाग मिसळलेला असेल, म्हणून हा एसडी किंचित जास्त येतो. चूक सावधगिरीच्या बाजूची असल्याने ती चालते. ही फेरतपासणी कधी होणार आणि एसडी किती वाढल्यास काय करणार, हे पहिल्या रुग्णाच्या नोंदणीआधी आराखड्यात आलेलं असावं. अभ्यास संपल्यावर दिसलेल्या फरकावरून पॉवर काढत बसू नका. तो आकडा पी-मूल्यच वेगळ्या रूपात सांगतो, त्यात नवी माहिती काहीच नसते. त्या जागी विश्वासमर्यादा छापा.